तीस दिवसांची मालिका आठव्या दिवशी का बसते? मोडीच्या उदाहरणासह दुरुस्ती

‘तीस दिवसांत अमुक शिकणार’ अशी मालिका यूट्यूबवर सुरू करणाऱ्यांची तक्रार जवळजवळ एकसारखीच असते. पहिला भाग झकास चालतो, तिसऱ्यापर्यंत बरं वाटतं आणि आठव्या-नवव्या दिवशी बघायला घरचे चार लोक उरतात. मग कॅमेरा बदलला जातो, नवा माइक येतो, अंबाबाईच्या देवळामागच्या गल्लीत ड्रोन उडवायचं स्वप्न पडतं. बिघाड बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो रोजची प्रगती नोंदवण्यात असतो, आणि तो शोधायला एक रुपयाही लागत नाही.

खाली उदाहरण घेतलंय ते ‘तीस दिवसांत मोडी वाचायला शिकणं’ या मालिकेचं. कोल्हापुरात हा विषय आपसूक चालतो. करवीर संस्थानचं दप्तर मोडीत आहे, आणि कित्येक घरांत आजोबांच्या ट्रंकेत एखादं खरेदीखत किंवा वाटणीपत्र पडून असतं, जे घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. म्हणजे प्रेक्षकाला स्वतःची गरज आहे, तरीही मालिका बसते. म्हणून बिघाड दाखवायला हे उदाहरण चांगलं. हलगी, मर्दानी खेळ, पोहणं, काहीही शिकत असाल तरी तपासणीचा क्रम हाच ठेवा.

आधी लक्षणं

पहिल्या भागाचे आकडे बाजूला ठेवा. तो मित्रांनी, गल्लीतल्या मंडळानं, भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं फिरवलेला असतो. त्याच्याशी तुलना केली तर कुठलीही मालिका पडलेलीच दिसेल. तिसऱ्या भागापासून प्रत्येक भागाचे पहिल्या ४८ तासांतले व्ह्यूज एका वहीत लिहा. पाचव्यापासून दहाव्यापर्यंत आकडा थोडा वरखाली होत एकाच पातळीवर राहिला तर मालिका निरोगी आहे, मग आकडा ८० का असेना. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा खाली जात असेल तरच पुढे वाचा.

दुसरं लक्षण `YouTube Studio` मध्ये `Analytics`, त्यात `Audience` इथे दिसतं. `Returning viewers` ची रेघ मालिका सुरू झाल्यावर हळूहळू वर यायला हवी. (काही खात्यांत आता ही विभागणी `New`, `Casual` आणि `Regular` अशी दिसते, तिथे शेवटच्या दोन बघा.) व्ह्यूज येतायत पण ही रेघ जमिनीला चिकटलेली असेल, तर लोक एकदाच येऊन जातायत.

तिसरं लक्षण प्रतिक्रियांमध्ये असतं. ‘लै भारी’, ‘शुभेच्छा’, ‘नाद खुळा’ एवढंच येत असेल तर हुरळून जाऊ नका. परत येणारा माणूस ‘काल तो दुसऱ्या ओळीतला शब्द अडला होता, त्याचं काय झालं?’ असं विचारतो. असा एकही प्रश्न आठवडाभरात आला नसेल, तर कालच्या भागात लक्षात राहावं असं काही नव्हतं.

चौथं लक्षण `Reach` मध्ये आहे. व्ह्यूजचा बहुतांश भाग `External` मधून, म्हणजे तुम्ही स्वतः पाठवलेल्या दुव्यांवरून येत असेल, तर मालिका स्वतःच्या पायावर उभी नाही. तुम्ही ढकलताय म्हणून चाललीय.

पहिली तपासणी: एका भागातून दुसऱ्या भागात जाता येतं का

दहा मिनिटांचं काम, पण सगळ्यात आधी हेच, कारण इथे गळती असेल तर पुढच्या सगळ्या दुरुस्त्या वाया जातात. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर चॅनेल उघडा आणि चौथ्या भागावरून पाचव्यावर जायचा प्रयत्न करा.

प्लेलिस्ट उलटी लागलेली सापडण्याची शक्यता बरीच असते. प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये `Add new videos to top of playlist` ही खूण चालू राहिली की प्रत्येक नवा भाग सगळ्यात वर जाऊन बसतो. बाविसाव्या दिवशी आलेला नवा माणूस प्लेलिस्ट लावतो, त्याला आधी बाविसावा भाग दिसतो, मग एकविसावा. शिकण्याची गोष्ट उलट्या क्रमानं बघायला कुणी थांबत नाही. खूण काढा आणि क्रम `Date published (oldest)` असा लावा.

दुसरी चूक शेवटच्या पडद्यात. `End screen` व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येतो आणि तिथे `Most recent upload` निवडणं सोपं, म्हणून सगळे तेच निवडतात. मग पाचवा भाग उशिरा बघणाऱ्याला थेट बाविसाव्यावर नेऊन सोडलं जातं. निकाल आधीच कळला, आता मधले सोळा भाग कशाला बघायचे? इथे `Choose specific video` हवं. अडचण एवढीच, की पाचवा भाग चढवताना सहावा अस्तित्वातच नसतो. म्हणून रोजच्या कामात एक पायरी वाढवा: आजचा भाग प्रसिद्ध झाला की कालचा भाग उघडून त्याच्या शेवटच्या पडद्यावर आजचा जोडायचा. दोन मिनिटं लागतात. ही पायरी गाळली जाते, कारण कालचा भाग ‘झाला’ असं वाटतं.

आणखी एक. दोन-तीन दिवस राहून गेले म्हणून एका रात्रीत चार भाग चढवू नका. एका चॅनेलकडून २४ तासांत जास्तीत जास्त तीनच सूचना प्रेक्षकाला जातात. चौथ्याचा पत्ताच लागणार नाही, आणि जो बघेल त्याला वाटेल मधला एक भाग निसटला.

दुसरी तपासणी: शीर्षक आणि चित्र

‘दिवस १२/३० | मोडी शिकण्याचा प्रवास’. हे शीर्षक ज्यानं अकरा भाग पाहिलेत त्याच्यासाठी ठीक. बाकी सगळ्यांना ते सांगतं, तुम्ही उशिरा आलात. फोनवर शीर्षकाचे पहिले काही शब्दच नीट दिसतात, आणि ती जागा दिवसाच्या आकड्यानं खाल्ली. त्याऐवजी त्या दिवसाची अडचण पुढे, मग रोजच्या चाचणीत किती शब्द बरोबर आले तो आकडा आणि दिवस शेवटी: ‘मोडीत शब्द कुठे तुटतो? ३० पैकी १४ | दिवस १२’.

चित्रावर, म्हणजे थंबनेलवर, दिवसाचा आकडा डाव्या वरच्या कोपऱ्यात घाला. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं, तिथे घातलेला आकडा झाकला जातो. तीसही चित्रांवर आकडा त्याच जागी, त्याच आकारात. आणि खरं हस्तलिखित दाखवा. नोटो सान्स मोडी या फॉन्टमध्ये टाइप केलेली अक्षरं सुबक दिसतात, पण कारकुनाच्या धावत्या हाताशी त्यांचं फारसं साम्य नसतं. ट्रंकेतला कागद पाहिलेला माणूस हस्तलिखित बघूनच बोट ठेवतो.

तिसरी तपासणी: पहिली तीस सेकंदं

`Analytics` मधला प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा आणि ०:३० वर किती टक्के लोक उरलेत ते चौथ्या, आठव्या आणि बाराव्या भागासाठी बघा. आठव्या भागाला चौथ्यापेक्षा मोठी घसरण असेल, तर तुम्ही जुन्याच लोकांना पुन्हा तीच प्रस्तावना ऐकवताय. ‘नमस्कार मंडळी, मी तीस दिवसांत मोडी शिकतोय, चॅनेलवर नवीन असाल तर...’ हे परत येणाऱ्यानं सात वेळा ऐकलंय. तो आलाय कालचं पुढे काय झालं हे बघायला.

पहिल्या वीस सेकंदांत तीन गोष्टी बसतात: कालचा आकडा, काल अडलेली जागा, आज ती सुटली की नाही याची चाचणी सुरू. नव्या माणसासाठी पडद्याच्या खाली एक ओळ पुरते: ‘रोज एक न पाहिलेलं पान, पाच मिनिटं, ३० शब्द.’ बोलून सांगायची गरज नाही.

ही दुरुस्ती करायला बसल्यावर बऱ्याच जणांना कळतं की कालचा आकडा म्हणून सांगायला त्यांच्याकडे काही नाहीच. तसं असेल तर खरा बिघाड सापडला.

चौथी तपासणी: रोजचं माप आहे का, आणि ते खरं आहे का

‘आज बरीच प्रगती झाली’ हे माप नव्हे. ‘आज दहा अक्षरं शिकलो’ हेही नव्हे, कारण शिकवलेली अक्षरं मोजली तर आकडा रोज वाढणारच. त्यात हरण्याची शक्यता नाही. ज्या आकड्यात हरता येत नाही तो बघायला उद्या कुणी येत नाही. माप असं हवं की ते शिकणाऱ्याच्या हातात नसेल, पाच मिनिटांत घेता येईल, आणि बघणाऱ्याला पडद्यावर स्वतः तपासता येईल.

मोडीसाठी चालणारी मांडणी अशी. एकाच काळातली आणि शक्यतो एकाच हातची पानं जमवा. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीची वळणं वेगळी. आज एक आणि उद्या दुसरं घेतलं तर आकडा शिकण्यामुळे बदलला की हातामुळे, हे कळत नाही. नवशिक्यानं आंग्लकालीन कागद घ्यावेत. मोडी येणाऱ्या माणसाकडून प्रत्येक पानावरचे सलग ३० शब्द देवनागरीत उतरवून घ्या आणि पाकिटात बंद करा. रोज एक नवं पान, पाच मिनिटं, मोठ्यानं वाचायचं. मग पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडायचं आणि बरोबर शब्द मोजायचे. ऱ्हस्व-दीर्घाची चूक धरायची नाही, कारण मोडी लिहिणारा इ-ई आणि उ-ऊ वेगळे लिहीतच नाही.

पान रोज नवंच हवं. तेच पान रोज वाचलं तर चौथ्या दिवशी ते पाठ होतं आणि आकडा २८ वर पोचतो. प्रेक्षकाला लबाडी लगेच कळते. पण एक जुनं पान दर दहाव्या दिवशी पुन्हा वाचणं चांगलं, कारण फरक एका नजरेत दिसतो. दोन्ही आकडे वेगळे ठेवा, मिसळू नका.

सुरुवातीचा आकडा हवाच, म्हणजे शिकायला बसण्याच्या आधीची चाचणी. साखर कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही तोलतात म्हणून उसाचं वजन निघतं. इथे लोक भरलेलीच तोलतात. शून्यावा दिवस चित्रित केला नसेल तर तो मागाहून तयार करता येत नाही. अशा वेळी आहे त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा आणि तसं स्पष्ट सांगा.

चाचणी सरावाच्या आधी, रोज त्याच वेळी. हे फार जणांचं चुकतं. सोमवारी सरावाआधी १३, मंगळवारी दोन तास सराव करून मग १९, बुधवारी पुन्हा आधी १४. आलेख करवतीसारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा माणूस विसरतोय. खरं तर मोजायची वेळ बदलली. सरावाआधी मोजलं की कालचं किती टिकलं ते कळतं, आणि मालिकेला तेच हवंय. घड्याळ चौकटीत दिसू द्या आणि ती पाच मिनिटं कापू नका. वेग वाढवून दाखवा, पण सलग दाखवा.

आकडा अडकतो तेव्हा

मालिका आठव्या ते चौदाव्या दिवसात बसते त्याचं कारण इथे आहे. शिकण्याचा वेग त्याच सुमारास मंदावतो आणि आकडा हलत नाही. समजा नोंद अशी आहे: तिसरा दिवस ५, सहावा ९, नववा १३, दहावा १४, अकरावा १३, बारावा १४. चार दिवस तेच. बनवणारा घाबरतो, चाचणी गाळून गप्पा वाढवतो, किंवा चांगला आलेला तेवढाच प्रयत्न दाखवतो. प्रेक्षक त्याच दिवशी निघून जातो.

आकडा लपवायचा नाही, फोडायचा. बाराव्या दिवशी चुकलेले १६ शब्द घ्या आणि प्रत्येक का चुकला ते तीन रकान्यांत लिहा. अक्षर ओळखता आलं नाही: ५. अक्षरं ओळखली पण शब्द चुकीच्या जागी तोडला: ७. नीट वाचला पण शब्दच माहीत नव्हता: ४. आता दिसतं की अक्षरांचा सराव वाढवून फार फायदा नाही. मोडी लिहिणारा आधी पूर्ण ओळीची शिरोरेघ ओढतो आणि अक्षरं तिला लटकवत जातो. दोन शब्दांत जागा सोडत नाही, विरामचिन्हं जवळपास नसतातच. नवशिका अक्षरांपेक्षा शब्दांच्या सांध्यावर जास्त अडकतो.

म्हणजे तेराव्या भागाचा विषय आपोआप ठरला. ‘-स’, ‘-चा’, ‘-ची’, ‘-नी’ असे प्रत्यय आणि ‘मौजे’, ‘परगणे’, ‘बिन’, ‘सदरहू’, ‘मजकूर’ असे नेहमी येणारे शब्द एकसंध चित्र म्हणून ओळखायचे, की शब्द कुठे संपतो ते कळायला लागतं. तिसऱ्या रकान्यासाठी एक वेगळा भाग निघतो: जुन्या पत्रांतल्या तारखेची ओळ. तिथे ‘छ’ नंतर चांद्रतारीख येते आणि वर्ष अरबी संख्याशब्दांत असतं, इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. असे नऊ-दहा शब्द माहीत नसतील तर अक्षरं कितीही पक्की असली तरी ती ओळ चुकणार. (या वर्षगणनेला शुहूर सन म्हणतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, लोक वही काढून लिहून घेतात असा हा तुकडा आहे.) मात्र आंग्लकालीन पानांचाच संच असेल तर ही ओळ चाचणीत क्वचित येईल, तेव्हा तिच्यावर पूर्ण भाग खर्च करण्याआधी चौथा रकाना करून शब्द कुठल्या प्रकारचे आहेत ते बघा.

सोळाव्या दिवशी आकडा १८ झाला आणि चुकांची फोड ५, ३, ४ अशी आली, तर प्रेक्षकासमोर एक पूर्ण गोष्ट घडली: अडलं, कारण सापडलं, इलाज केला, त्याच रकान्यात फरक पडला. नुसतं १४ वरून १८ दाखवून हे घडत नाही. आणि फरक पडला नाही, तरी तो भाग बघायला लोक येतात, कारण त्यांना इलाज ठाऊक आहे आणि तो चालला का हे बघायचंय.

याच फोडीतून भागाचा शेवट निघतो. अडलेला एक शब्द पूर्ण पडद्यावर पाच-सहा सेकंद दाखवा, तो काय आहे ते सांगू नका, आणि तेच विचारणारी प्रतिक्रिया वर टाचून ठेवा. उत्तर उद्याच्या पहिल्या वीस सेकंदांत. शब्द असा निवडा की थोडं मोडी येणाऱ्याला सुटेल. अगदी फाटलेला, शाई फुटलेला शब्द दिला तर कुणी हात घालत नाही. कोल्हापुरात मोडी वाचणारी निवृत्त मंडळी कमी नाहीत, ती इथे हमखास बोलतात, आणि त्यांच्यात दोन वाचनांवर वाद लागला की तो भाग दोन दिवस हलतो.

पाचवी तपासणी: नोंद कधी लिहिली जाते

आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंद सपाट असते. अडचण सुटली की ती किती छळत होती हे डोकं विसरतं, मग ‘थोडं अवघड गेलं’ एवढंच उरतं. चाचणी संपल्यावर उठायच्या आधी चार ओळी लिहायच्या: आकडा, तीन रकाने, सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला शब्द, आणि उद्या तो सुटेल की नाही याचा अंदाज. अंदाज कॅमेऱ्यासमोर बोला. तो चुकणं हा दुसऱ्या दिवशीचा मजकूर असतो.

फाइलची नावं पहिल्या दिवसापासून एकाच पद्धतीची ठेवा, नाहीतर तिसाव्या दिवशी सहावा दिवस सापडत नाही:

```
D12_test_14of30.mp4
D12_page.jpg
D12_note.txt
```

`D3` नको, `D03` लिहा. नाहीतर `D10` आधी आणि `D3` नंतर लागतो.

सरावाचा दिवस आणि प्रसिद्धीचा दिवस यांत गल्लत होऊ देऊ नका. जोतिबाच्या यात्रेला गेलात, दोन दिवस सराव झाला नाही, तर ‘दिवस १५’ नंतर ‘दिवस १८’ येऊ द्या आणि मधल्या दोन दिवसांनी आकडा किती पडला ते दाखवा. क्रमांक ओढून-ताणून सलग केले की आलेख खोटा ठरतो. खाडा झाल्यावर आकडा किती घसरतो हे शिकणाऱ्या प्रत्येकाला बघायचं असतं, आणि सहसा कुणी दाखवत नाही.

सहावी तपासणी: रोज प्रसिद्ध करायलाच हवं का

सगळ्यात अवघड आणि महागडी दुरुस्ती, म्हणून शेवटी. सराव, चाचणी, चित्रण, संकलन, चढवणं हे सगळं रोज करणाऱ्याचे सरावाचे तास बाराव्या दिवसापर्यंत संकलनात जातात. आकडा अडकण्यामागे हेही कारण असू शकतं. एका आठवड्याच्या वहीत सरावाची मिनिटं आणि संकलनाची मिनिटं शेजारी लिहा. संकलन सरावापेक्षा जास्त असेल तर मांडणी बदला.

नोंद आणि चाचणी रोजच. तिथे सवलत नाही. पण पूर्ण भाग दर तिसऱ्या दिवशी आणि मधल्या दोन दिवशी आकडा आणि अडलेला शब्द एवढाच एक मिनिटाच्या आतला शॉर्ट चालतो. शॉर्टवर शेवटचा पडदा लागत नाही. तिथे `Related video` मध्ये ताजा पूर्ण भाग जोडा, नाहीतर शॉर्ट बघणारा तिथूनच निघून जातो. बदल मधूनच करायला हरकत नाही, पण एकदा ठरलेले वार तिसाव्यापर्यंत पाळा. मंगळवारी सात वाजता भाग येतो हे ठाऊक असलं की लोक सूचनेची वाट बघत नाहीत.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

पाच चाचण्या सलग आकडा हलला नाही आणि रकानेही बदलले नाहीत, तर संकलन, चित्र, शीर्षक कशालाही हात लावू नका. शिक्षक हवा. चुकीचं ओळखलेलं अक्षर स्वतःचं स्वतःला सापडत नाही. मोडीत ‘र’ जोडाक्षरात रूप बदलतो आणि नवशिका त्याला दुसरंच काहीतरी समजून आठवडाभर पक्कं करत राहतो. पाकिटातली देवनागरी प्रतही जाणकाराकडूनच हवी. तुम्हीच वाचून तुम्हीच तपासलं तर सगळी मालिका चुकीच्या उत्तरपत्रिकेवर उभी राहते.

पहिल्या तीस सेकंदांतली घसरण प्रस्तावना काढूनही तशीच असेल आणि लोक ‘आवाज ऐकू येत नाही’ म्हणत असतील, तर आधी खोली बदला. रस्त्याकडची खिडकी आणि पंखा दोन्ही बंद करून बघा. तरीही घुमत असेल तर एक भाग ध्वनिमुद्रणाच्या माणसाला ऐकवा. माइक त्यानंतर घ्यायचा.

पोहणं, लाठी-पट्टा, जड वजन असल्या विषयांत दुखणं दोन दिवस राहिलं तर चाचणी बंद आणि डॉक्टर. आकडा सलग ठेवण्यासाठी दुखऱ्या खांद्यानं पट्टा फिरवू नका. मालिकेत ‘आज विश्रांती, कारण हे’ असा भाग टाका.

लोक आपापले कागद वाचायला पाठवू लागले की दोन गोष्टी तुमच्या आवाक्याबाहेर जातात. नावं, गट क्रमांक, वाटण्या दिसतील असा कुणाचा कागद परवानगीशिवाय पडद्यावर आणू नका, आणि जमिनीच्या वादात तुमचं वाचन पुरावा म्हणून कुणी मागितलं तर त्याला अधिकृत मोडी लिप्यंतरकाराकडे पाठवा. घडीवर फाटलेला किंवा बुरशी आलेला कागद चित्रणासाठी दाबून सपाट करायचा नाही, त्याला चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. आहे तसा जाड कोऱ्या कागदात ठेवा आणि पुरालेखागारात चौकशी करा. फोटो त्यांनी कागद उलगडून दिल्यावर काढा.